पंखा नसलेला फ्लॅट

पुण्यात घर शोधणं म्हणजे दाखवायचा कार्यक्रम, फक्त मुलीच्या जागी आपण बसायचं. गाव कुठलं, कंपनी कुठली, खाण्यापिण्याचं काय, आणि मग चहाचा कप खाली ठेवता ठेवता, "आडनाव काय म्हणालात?" मी म्हणालेलोच नसायचो. सांगितलं की घरमालकाला एकदम आठवायचं, भाचा यायचाय राहायला. एकट्या सदाशिव पेठेत एका महिन्यात चार भाचे निघाले.

तेव्हा आम्ही विदर्भातून पुण्यात येऊन वर्ष झालं होतं. मी सॉफ्टवेअर कंपनीत होतो, बायकोला सातवा महिना लागला होता, आणि आमची खोली कसबा पेठेत, उभ्या लाकडी जिन्याच्या टोकावर. संडास खाली. डॉक्टरीणबाईंनी जिना बंद सांगितला होता. बंद म्हणजे कसा बंद, हे त्यांनाच विचारायला हवं होतं.

अशात इंटरनेटवर ती जाहिरात दिसली. कात्रजच्या बाजूला दोन खोल्यांचा फ्लॅट, लिफ्ट, भाडं परवडणारं. मालक लंडनला इंजिनिअर. किल्ल्या त्याच्याजवळ, डिपॉझिट आधी खात्यात भरा, किल्ल्या कुरिअरने येतील, घर आवडलं नाही तर पैसे परत. सोबत पासपोर्टची कॉपी. आणि त्याने आम्हाला काही म्हणजे काही विचारलं नाही. एवढंच लिहिलं, तुम्ही सज्जन दिसता, घर स्वच्छ ठेवा. मी तर खूशच झालो. म्हटलं, जगात माणुसकी आहे अजून!

बायकोने फोटो पाहिले. "अहो, पंखा कुठाय?"

"कसला पंखा?"

"छताले पंखा नाही, पंख्याचा हूक नाही. खिडकीले गज नाहीत. कात्रजले काय बर्फ पडते?"

मी भडकलो. "तुला प्रत्येकात खोटच दिसते! पासपोर्ट पाठवलाय त्याने."

"मलेही द्या कोणाचा पासपोर्ट, मीही होते लंडनची."

तिच्या हट्टापायी मी त्याला विचारलं, पुण्यात तुमचं कोण आहे, घर कोण दाखवेल, लाइटबिल कोणाच्या नावावर आहे? उत्तर आलं की पुण्यात विश्वासाचं कुणी नाही, बिलाचं नंतर बघू, दुसरं एक कुटुंब उद्याच पैसे भरतंय. खातं भलत्याच नावाचं, बँकेची शाखा परराज्यातली. एवढं सगळं डोळ्यांसमोर असताना मी गाढवासारखी बँकेची स्लिप भरून ठेवली! बाळंतपणासाठी बाजूला ठेवलेले पैसे होते ते. आजही आठवलं की स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटते.

"स्लिप खिशातच राहू द्या," बायको म्हणाली. "एकदा पाहून तं या."

शनिवारी गेलो. सोसायटी खरी होती, लिफ्टही होती. वॉचमनने सेक्रेटरींकडे पाठवलं. त्यांनी मला चष्म्यावरून पाहिलं.

"लंडनवाले का? आपण या आठवड्यातले तिसरे. आता पाटीच लावतो."

ते मला चौथ्या मजल्यावर घेऊन गेले. दारावर पाटी मालकांची, दारात खरे मालक स्वतः, सकाळचा पेपर हातात. आत पंखा गरगरत होता. फोटोतली एक भिंतही त्या घरात नव्हती.

"अहो, मालक खरंच परदेशात असला तरी त्याचं मुखत्यारपत्र घेऊन इथे कुणीतरी बसलेलं असतं," खाली येताना सेक्रेटरी म्हणाले. "करार रजिस्टर करायला कोण येणार, कुरिअरवाला? त्या मेल आणि खात्याचा नंबर पोलिसांत देऊन टाका."

खाली सोसायटीच्या ऑफिसात आलो, तेव्हा त्यांना माझी दया आली असावी. पलीकडच्या इमारतीत एक फ्लॅट खरोखरच रिकामा होता. मालक दुबईला, मुखत्यारपत्र इथल्या भावाकडे. पहिला मजला, लिफ्ट. "थांबा, आत्ताच फोन लावतो त्यांना." माझ्या जिवात जीव आला. बायको सातव्या महिन्याची आहे, हेही मी सांगून टाकलं. ते "हो का, हो का" म्हणाले आणि त्यांनी रिसीव्हर उचलला.

"आडनाव काय म्हणालात?"

मी सांगितलं.

रिसीव्हर त्यांनी थोडा वेळ कानाला धरला. "लागत नाहीये. कळवतो आपल्याला." नंबर त्यांनी फिरवलाच नव्हता.

तिथून पोलीस चौकीत गेलो, मेल आणि खात्याचा नंबर दिला, आणि घरी येऊन सगळं सांगितलं. पंख्याचंही, फोनचंही. मला वाटलं, आता ऐकावं लागणार, "मी म्हटलं नव्हतं?" त्याची तयारी ठेवूनच मी स्लिप फाडली. पण पहिल्या दिवसापासून त्या माणसाला चोर म्हणणाऱ्या तिचेच डोळे भरले.

"त्यानंच तं काही विचारलं नव्हतं हो," ती म्हणाली.