दहा सेकंदांची जिलबी

माझं आजवर प्रसारित झालेलं समग्र साहित्य म्हणून दाखवायला दहा सेकंद लागतात. त्यातही निम्मं तेच तेच आहे.

कनेरगाव नाक्यावर आमचं मिठाईचं दुकान. पाटीवर अण्णांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं नाव : ‘मुंजाजी मिठाई’. जिलबी ही आमची ओळख. रात्री मैदा भिजवायचा, तो घोळ पहाटेपर्यंत आंबवायचा, उजाडताच कढई चढवायची. घोळ संपला की जिलबी संपली. संध्याकाळी कुणी मागितली तर अण्णा शांतपणे म्हणत, “सकाळी या.” शिळी जिलबी गरम करून विकणं त्यांच्या लेखी चोरीच्या एक पायरी खाली होतं. (कधी कधी एक पायरी वर.)

नव्वदचं दशक सरत आलं आणि समोर काचेच्या कपाटांचं, रंगीत दिव्यांचं नवं दुकान उघडलं. गिऱ्हाईक रस्ता ओलांडू लागलं. रात्री उरलेला माल झाकायला अण्णांना रोज जास्त वेळ लागू लागला. हा हंगाम असाच गेला तर दुकान बंद करून शेतीच बघायची, हे घरात सगळ्यांना कळलेलं होतं.

अशा वेळी मी, बी.ए. मराठी, पुढे सरसावलो.

“अण्णा, रेडिओवर जाहिरात देऊ. गाण्याची!”

“काहून? आपली जिलबी काय मुकी हाय का?”

“समोरच्याचे दिवे बोलून राहिले ना, अण्णा!”

अण्णांनी समोरच्या दिव्यांकडे पाहिलं. मग एक अट घातली. गाणं आपल्याच भजनी मंडळानं म्हणायचं. बाहेरचा गाणारा आपल्या दुकानाची जिलबी न खाता तिचं गुणगान करणार, हे त्यांना पटेना.

मी रातोरात गाणं लिहिलं :

*सकाळ झाली, कढई तापली,*
*पिवळी जिलबी पाकात बुडाली,*
*गरम जिलबी, गोड पाकाची,*
*कनेरगाव नाक्याला मुंजाजीची!*

स्वतःवर इतका खूश झालो की मला पहाटेपर्यंत झोपच आली नाही!

रेडिओवर दहा सेकंदांची जागा घेतली आणि मंडळ घेऊन नांदेडच्या केंद्रावर गेलो. रेकॉर्डिंगच्या खोलीत तिथले पठाणभाई गळ्यात स्टॉपवॉच अडकवून बसले होते. त्यांनी कागद वाचला, ओठ हलवत घड्याळ दाबलं आणि म्हणाले, “बोलने को चलता, गाने को भारी है. गाते बखत हर अक्षर लंबा होता. फिर भी, जल्दी गाओ, बैठ जाएगा.”

“आणि आधी ‘एक नंबर जिलबी’ घालू का?” मी विचारलं.

“पुरावा मांगेंगे. कौन दिया नंबर?”

मी नंबर सोडला. किसनकाका, म्हणजे आमच्या मंडळाचे म्होरके, यांनी डोळे मिटले आणि आलाप घेतला. तो आलाप संपला तेव्हा पठाणभाईंनी घड्याळ दाखवलं. दहा सेकंद उलटून गेले होते! जिलबी अजून आलीच नव्हती.

आलाप काढला. काकांनी पहिली ओळ म्हटली, पाठोपाठ मंडळानं तीच ओळ म्हटली. दुसरी काकांनी, पुन्हा मंडळानं. गाणं बरोब्बर दुप्पट!

“एकदाच म्हणा, काका!”

“एकदा?” काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्यांना जोडे घालून देवळात यायला सांगितलं होतं. “एकानं म्हणायचं आन् बाकीच्यानं झेलायचं. न्हाई झेललं तर ओळ खाली पडती की, बाबा.”

त्यांनी खरंच प्रयत्न केला. पण शंकरराव टाळकऱ्यांच्या तोंडून ओळ आपोआप दुसऱ्यांदा निघे. तोंडावर हात ठेवावा तर टाळ थांबत.

पठाणभाई गंभीरपणे म्हणाले, “भाईसाब, दस सेकंद मतलब दस. ग्यारहवां दूसरे का है. उधर कैंची चलेगी. और आपका नाम तो आखिर में है.”

म्हणजे लांबलं तर मुंजाजीच कापले जाणार! नाव पुढे आणावं, तर शेवटी कानात राहतं ते नाव, हेही त्यांनीच सांगितलं. आता एकच इलाज. चारांतल्या दोन ओळी काढायच्या, म्हणजे उरलेल्या दोन दोनदा बसतील. मी पहिल्या दोन ओळींवर रेघ मारली. कढई कशाला हवी? सकाळ कशाला हवी? जिलबी राहिली, नाव राहिलं, गाव राहिलं! कवी म्हणून मी स्वतःचीच पाठ थोपटली.

तरी अर्धा सेकंद जास्त. टाळांचा नाद शेवटी घुमत राहायचा, आणि घुमणंही वेळेत धरलं जातं. शेवटच्या ठोक्याला टाळ छातीशी दाबून धरायचं ठरलं. शंकररावांनी ते इतक्या जोरात दाबले की त्यांना ठसका लागला, पण तो अकराव्या सेकंदाला! बसलं एकदाचं.

मग जाहिरातीची वेळ मीच निवडली. शेतकऱ्यांचा कार्यक्रम संपल्यावर, संध्याकाळी. सगळं शिवार तेव्हा रेडिओला कान लावून असतं.

पहिल्या संध्याकाळी आम्ही दुकानातच रेडिओ लावला. *गरम जिलबी, गोड पाकाची...* आईनं डोळ्यांना पदर लावला. अण्णा पाटीकडे बघत राहिले. तेवढ्यात वाशीमची एसटी करकचून थांबली आणि ड्रायव्हर खाली उतरला.

“काय मुंजाजी, काढा गरम जिलबी!”

“सकाळी या.”

“सकाळी? आत्ता तर रेडिओवर म्हणून राहिले!”

मागून अख्खी एसटी उतरली. अण्णांनी माझ्याकडे पाहिलं. गाण्यातली ‘सकाळ’ मीच रेघ मारून काढली होती. मी शेव मोजू लागलो.

दुसऱ्या दिवशी दोन एसट्या. तिसऱ्या दिवशी हट्ट्याहून मुलगी बघायला वाशीमला निघालेली जीपभर मंडळी. गाणं दोनदा होत असल्यामुळे प्रत्येकाला तोंडपाठ! ते गात येत आणि नुसते पेढे बघून गाणं अर्ध्यावर सोडत. मी अण्णांच्या कानाशी लागलो, “सकाळची आहे थोडी. गरम पाकात बुडवून...”

अण्णांनी झारा खाली ठेवला. मी वाक्य तिथंच सोडलं.

जीपमधले एक म्हातारे जाता जाता हळूच म्हणाले, “मुंजाजी, तुमीबी खोटं बोलाया लागले व्हय?”

कुणी ओरडून बोललं असतं तर बरं झालं असतं. अण्णांनी गल्ला बंद केला. समोरचे दिवे लागले. मग अण्णा आत वळले.

“जाहिरात बंद करायची का?” मी घाबरत विचारलं.

“बंद कशाला? जे बोललो ते खरं करू. पहाटेच दुसरा घोळ घाल.”

थंडीचे दिवस. संध्याकाळपर्यंत घोळ काही फुगेना. आईनं ते पातेलं भट्टीशेजारी ठेवलं आणि माझ्या लग्नातल्या कोटात गुंडाळलं. (बायकोला हे दुपारी कळलं. ती काय म्हणाली, ते इथे लिहीत नाही.) संध्याकाळी घोळ कोटाच्या बाहीतून वर आला! अण्णा पहाटेपासून उभे, त्यांचे पाय सुजलेले. झारा माझ्या हाती आला. माझ्या पहिल्या वेढ्यांना जिलबी म्हणणं धाडसाचं होतं, पण गरम होत्या यात शंका नव्हती.

गिऱ्हाईक रस्ता ओलांडून परत आलं. दुकान वाचलं. ते हट्ट्याचे म्हातारे पुढे त्याच जमलेल्या सोयरिकीच्या साखरपुड्याची जिलबी आमच्याकडून घेऊन गेले आणि अण्णांच्या खांद्यावर हात ठेवून गेले. महिन्याभरात जाहिरात संपली. संध्याकाळची जिलबी मात्र संपली नाही, कारण लोकांना सवय लागली होती. आणि सकाळची कढई अण्णांची असल्यामुळे संध्याकाळची कायमची माझी झाली.

कवितेतला एक शब्द गाळला की अर्थ बदलतो, हे मला कॉलेजात शिकवलं होतं. नोकरी लागते, हे कुणीच सांगितलं नव्हतं!