बिनसाखरेची जांभळाची कांडी

आमच्या आटपाडीच्या बचत गटाला शिकवायला शहरातून एक बाई आल्या होत्या. जांभळाच्या गराच्या आईसकांड्या करायच्या, पण साखर घालायची नाही, कारण साखर म्हणजे विष, असं त्यांनी सांगितलं. बाईंचं इंग्रजी चांगलं होतं, म्हणून आम्ही माना डोलावल्या. मी तर वहीत लिहूनही घेतलं.

बाजारच्या दिवशी त्या कांड्या विकायला ठेवल्या. दगड परवडला, असल्या कडक. लोकांनी चोखून रस तेवढा ओढून घेतला आणि काडीवर पांढरा बर्फ उरला. शेजारच्या गाड्यावरचा म्हातारा कुल्फीवाला ते बघून म्हणाला, "आवं ताई, साखर निस्ती गोडीला नसती. साखर असली की सगळं पाणी गोठत न्हाई, कांडी मऊ ऱ्हाती."

मग मी शहाणीने किलोभर गराला तीन वाट्या साखर ओतली. रात्रभर डीप फ्रीझरमध्ये ठेवूनही तो लगदाच राहिला. शेवटी एका वाटीवर जमलं. गर नुसता चाखला तर जरा जास्त गोड लागायचा, पण गोठल्यावर गोडी बेताची व्हायची आणि दात सहज रुतायचा.

महिन्याने बाई पाहणीला आल्या. कांडी खात म्हणाल्या, "बघा, साखरेशिवाय किती मऊ झाली."

"यात वाटीभर साखर आहे," मी म्हणाले.

"मग हिला आरोग्यदायी म्हणता येणार नाही," असं त्या गंभीरपणे बोलल्या, आणि त्यांनी दुसरी मागितली.