मामाच्या आवाजासाठी माइक

माझा मामा फलटणच्या बाजारात शेळ्यामेंढ्यांची दलाली करायचा. विकणारा आणि घेणारा यांच्या मधे उभं राहून, हा माणूस आपल्याच बाजूचा आहे असं दोघांनाही वाटायला लावायचं, हे त्याचं काम. घरात मात्र तोंडाला कुलूप. बाजारात शिरला की त्याच कुलपाची किल्ली कुठून सापडायची देव जाणे.

त्याचा आवाज बसला, तेव्हा आधी सगळ्यांनी धुळीवर ढकललं. मग घशात गाठ निघाली. सांगलीच्या डॉक्टरांनी स्वरयंत्र काढावं लागेल असं स्पष्ट सांगितलं. नंतर शिकून वेगळ्या रीतीनं बोलता येतं, पण हा आवाज राहणार नाही, असंही सांगितलं. मी सांगलीतच, विश्रामबागेत राहते, म्हणून दवाखान्याच्या खेपांना मी बरोबर असायची. बाहेर आल्यावर मामा रिक्षाची वाट बघत उभा राहिला आणि म्हणाला, “पोरी, तू फोनवर शूटिंग करती न्हवं? मग बाजारातलं माझं बोलणं धरून ठिव. घरातलं काय, घरात मी मुकाच हाय.”

मी हो म्हटलं खरं, पण माझं शूटिंग म्हणजे सणाला पुरणपोळीचं आणि गच्चीवरच्या कुंड्यांचं. आवाजाचा विचार कधी केला नव्हता. त्याच संध्याकाळी विश्रामबागेच्या चौकात उभी राहून मी फोनसमोर चार वाक्यं बोलले आणि ऐकलं. एसटीचा हॉर्न, रिक्षा, वडेवाल्याचा झारा, सगळं माझ्याइतकंच मोठं. फोन हातभर लांब धरला की माझी मीच हरवत होते. तोंडाजवळ आणला की आवाज बरा यायचा, पण मग चित्रात नुसत्या नाकपुड्या. फोनच्या माइकला जवळचं तेवढं कळतं. माणूस कोण आणि बस कोण, याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. माइक बोलणाऱ्याच्या छातीशी जायला हवा, एवढं त्या चौकात मला कळलं.

म्हणून पहिल्यांदा वायरवाला कॉलर माइक घेतला. माझ्या फोनला हेडफोनचं गोल भोक नाही, त्यासाठी एक जोडणी घेतली. घरी येऊन बोलले तर आवाज पहिल्यासारखाच. दिवसभर मी माइकला, दुकानदाराला आणि स्वतःला शिव्या दिल्या. मग सहज माइकच्या जाळीवर नख घासलं, तर फोनमध्ये काहीच उमटलं नाही. फोनच्या पाठीवर घासलं, तर खरखर. म्हणजे ती जोडणी नुसती गाणी ऐकायची होती, माइकचा आवाज आत नेणारीच नव्हती. फोन बापडा मुकाट्यानं आपल्याच माइकनं ऐकत होता. दुकानदारानं ती बदलून दिली, आणि तेव्हापासून काहीही जोडलं की मी आधी नख घासून बघते.

बाजारात जाऊन मामाच्या सदऱ्याला लावला, तर वायरवाल्याचा आवाज खरंच छान होता. मामाचा घोगरेपणाही त्यात जवळचा वाटायचा, आणि बाजाराचा गलका मागं गेलेला. पण मामा म्हणजे एका जागी बसून मुलाखत देणारा पाहुणा नव्हे. एक गिऱ्हाईक दिसलं आणि तो निघाला. वायर ताणली, माझ्या हातातला फोन निसटून थेट लेंड्यांत पडला. “मला दावं लावलंस व्हय गं?” म्हणून तो हसला, आणि आजूबाजूचे सगळे हसले. मला राग आला होता, पण त्याचं खोटं नव्हतं.

पुढच्या बाजाराआधी मी बिनवायरीचा माइक आणला. सुपारीएवढा तुकडा सदऱ्याला चिमट्यानं लावायचा, त्याचा जोडीदार फोनला खाली खोचायचा. दुकानाबाहेर मी मुद्दाम पाठ फिरवून, गर्दीत शिरून बघितलं. लांब गेल्यावर मधे माणसं आली की शब्द तुटायचे. समोर, दिसेल इतक्या अंतरावर मात्र ठीक होतं. गोंगाट कापायचं एक बटणही होतं. ते लावून एसटीच्या आवाजात बोलले, तर एसटी गेली, पण माझा आवाज हंड्यात तोंड घालून बोलल्यासारखा झाला आणि वाक्यांची शेपटं गळाली. आधीच बसलेला मामाचा आवाज त्या बटणाच्या हवाली करायची माझी छाती झाली नाही. बटण बंद ठेवलं आणि वाऱ्यासाठी माइकवर केसाळ टोपी चढवली.

त्या दिवशी मामा रंगात होता. “आवं पाटील, शेळी बगा, माझ्या तोंडाकडं काय बगता!” असलं सगळं मिळालं. फक्त सौदा ठरायची वेळ आली की फोनमध्ये नुसती खसखस. कारण भाव बोलायचाच नसतो. खांद्यावरच्या टॉवेलखाली हातात हात घेऊन बोटांनी सांगायचा असतो, आणि तो टॉवेल नेमका माइकवर आला होता. मी चिमटा दुसऱ्या बाजूला हलवला. भाव मिळणार नव्हताच, पण सौदा झाल्यावरचं त्याचं “झालं रं गड्या, पाणी पी आता!” स्वच्छ मिळालं. मागं बाजारही होता, हवा तेवढा. मामानं तिथंच ऐकलं आणि म्हणाला, “ह्यो मीच हाय.” मला इतका आनंद झाला की परतीच्या गाडीत मी तेच तेच ऐकत आले.

ऑपरेशनसाठी त्याला सांगलीला न्यायचं त्या सकाळी मी त्यांच्या घरी होते. मामीला मोठ्या अभिमानानं सगळं ऐकवलं. तिनं चुलीपुढं बसून शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, “चांगलं झालंय. पर ह्यो बाजारातला माणूस हाय. माझा न्हाई.”

मला कळेना. ती म्हणाली, “मला हाक मारत्यात ती पायजे. जलमात माझं नाव घेतलं न्हाई, नुसतं ‘आगं’ म्हंत्यात. ते कुटं हाय ह्यात?”

ते कुठंच नव्हतं. मी इतके दिवस गोंगाटाशी भांडत होते आणि ज्या आवाजाला गोंगाटच नाही, त्याचा मला विचारही शिवला नव्हता. मी पिशवीतून माइक काढायला लागले. तिनं हात धरला. “त्यो चिमटा बगितला की त्येनी भाषण सुरू करत्यात. तसाच फोन ठिव.”

मामा पडवीत आंघोळ करून कपडे घालत होता. त्याच्याजवळच्या कोनाड्यात मी फोन नुसता उभा केला. चुना-तंबाखूच्या डबीशेजारी तो दुसऱ्या डबीसारखाच दिसला असावा, कारण मामानं बघितलंही नाही. सकाळ शांत होती. मामी मागच्या दाराबाहेर गेली आणि भिंतीला टेकून उभी राहिली, मीही तिच्या शेजारी. समोर असताना तो तिला कशाला हाक मारेल?

थोड्या वेळानं पडवीतून आवाज आला, घोगरा, हळू, “आगं, टोपी कुटं ठिवलीस?”

आयुष्यभर ही बाई पहिल्या हाकेला “आले आले” करत धावलेली. मी तिच्याकडं बघितलं. ती हलली नाही.

“आगं, ऐकलंस का?”

तिनं पदर तोंडावर दाबला आणि मला हातानं खूण केली, गप्प राहा. टोपी तिच्याच हातात होती.

“आगं ए, कुटं गेलीस?” या वेळी त्याच्या आवाजात थोडी काळजी होती.

तिनं डोळे पुसले, गळा साफ केला आणि रोजच्यासारखं म्हणाली, “आले वं.”