टॉनिकची बाटली

आमच्या बाबूजींचा चेहरा टमाट्यासारखा लाल होता, आणि आम्हा घरच्यांना त्याचा मोठा अभिमान होता. आष्टीच्या बाजारात ते वांगी-टमाटे घेऊन बसले की लोक म्हणायचे, "साठी उलटली तरी काय लाली हाय!" मग मी, त्यांचा शिकलेला आणि किराण्याचं दुकान चालवणारा मुलगा, जणू ती लाली मीच लावून दिली अशा थाटात हसायचो.

आंघोळ झाली की मात्र त्यांच्या अंगाला भयंकर खाज सुटायची. माझं निदान तयार होतं: साबण. वर्षभरात मी दुकानातले झाडून सगळे साबण त्यांच्यावर वापरून पाहिले. खाज तशीच, साबण तेवढे संपले.

मग एका बाजाराच्या दिवशी टमाट्याचं क्रेट उचलताना त्यांचा डावा हात लुळा पडला. जीभ जड झाली. टमाटे रस्ताभर. दहा मिनिटांत सगळं जागेवर आलं, आणि बाबूजी "काही नाई झालं" म्हणत टमाटे वेचायला लागले. आईनं ऐकलं नाही. आम्ही त्यांना वर्ध्याकडच्या मोठ्या दवाखान्यात नेलं.

दोन हजार सालानंतरची गोष्ट आहे ही. तिथल्या डॉक्टरीणबाई वयानं तरुण, पण बोलणं शाळेतल्या बाईंसारखं स्पष्ट. रक्तात तांबड्या पेशींचा वाटा शंभरात एकसष्ट निघाला होता, प्लेटलेट्सही वाढलेल्या, प्लीहा सुजलेली. रक्ताचा नमुना बाहेरगावी पाठवला. या आजाराची खूण शोधणारी 'जॅक' नावाची तपासणी तेव्हा नवीनच निघाली होती. ती पॉझिटिव्ह आली.

"हाडांच्या मगजात रक्त तयार होतं," बाई म्हणाल्या. "तिथल्या एका पेशीत बदल झालाय. पुरे झालं, थांब, असं शरीर सांगतं. पण ती ऐकतच नाही. रक्त बनवतच सुटते."

आई बाबूजींकडे बोट दाखवत म्हणाली, "बाई, हे तं यायचंच वर्णन सांगून राह्यल्या तुम्ही."

बाई हसल्या, पण पुढचं त्यांनी हसून सांगितलं नाही. रक्त घट्ट झालंय, गुठळी होऊ शकते. हात लुळा पडला तो इशारा होता. पुढच्या वेळी दहा मिनिटांत सुटका होईलच असं नाही. एकसष्टचा तो आकडा पंचेचाळीसच्या खाली आणायचा. रोज एक छोटी ॲस्पिरिन, पेशी आवरणारी कॅप्सूल, आणि ठरल्या दिवशी येऊन पिशवीभर रक्त काढून टाकायचं.

पहिली पिशवी भरली तसे बाबूजी अस्वस्थ झाले.

"कोनाले देनार हे?"

"कुणालाच नाही, बाबा," बाई म्हणाल्या. "आजाराचं रक्त आहे. टाकून देतात."

"फेकता काऊन? मले द्या. कोथिंबिरीच्या वाफ्याले होईन."

चार-पाच पिशव्यांत आकडा एक्कावन्नवर आला. पण बाबूजी थकलेले दिसू लागले, लाली उतरली, आणि माझ्यातला शिकलेला मुलगा जागा झाला. रक्तदान केलेल्या माणसाला आपण दूध पाजतो, बीट खाऊ घालतो. इथे तर बापाचं रक्त पिशव्यांनी चाललंय! मी लोहाचं महागातलं टॉनिक आणलं. सकाळ-संध्याकाळ दोन-दोन चमचे, स्वतःच्या हातानं. महिनाभर.

पुढच्या खेपेला आकडा सत्तावन्न.

बाईंनी कागद दोनदा पाहिला. "गोळ्या नियमित चालू आहेत ना? घरी आणखी काही देता का?"

मी खिडकीबाहेरचं कडुलिंबाचं झाड बघू लागलो. बाबूजी मात्र कौतुकानं म्हणाले, "पोट्टा लय काळजी घेते माही. रक्त वाढाची दवाई पाजते रोज." आणि पिशवीतून बाटली काढून टेबलावर ठेवली.

बाईंनी लेबल वाचलं. मग माझ्याकडे पाहिलं.

"दादा, तांबडी पेशी लोहाशिवाय बनत नाही. रक्त काढून आम्ही यांचं लोह मुद्दामच कमी करतोय, म्हणजे कारखाना मंद चालावा. इकडून आम्ही विहीर उपसतो, आणि तिकडून तुम्ही पाटाचं पाणी सोडता?"

आईनं पदर तोंडाला लावला. मला वाटलं, रडते आहे. ती हसत होती.

"साबनवाले डाक्टर," बाबूजी म्हणाले, "आता तुम्ही किरानाच इका."

पण परतीच्या एसटीत मला हसू येईना. त्यांचा डावा हात मी वाटेतल्या तळेगावपर्यंत धरून बसलो होतो. आणखी गुठळी झाली असती तर ती मी चमच्यानं पाजलेली असती. बाबूजींनी थोडा वेळ चालू दिलं, मग म्हणाले, "सोड बे आता. हात हाय माहा, पळून नाई जात."

टॉनिक बंद झालं. पुन्हा पिशव्या, गोळ्या, खेपा. खाजही याच आजाराची निघाली, तीही बरीच कमी झाली. आणि एका दुपारी बाईंनी कागद आमच्याकडे फिरवला: चव्वेचाळीस. बाबूजींनी पिशवीतली वांगी त्यांच्या टेबलावर ओतली. बाई नको नको म्हणत राहिल्या; थांब म्हटलेलं बाबूजींनी आयुष्यात कधी ऐकलं होतं?

पुढच्या बाजारी ओळखीच्या एकानं विचारलं, "काय हो, बिमार होते का? चेहरा उतरला तुमचा."

"बिमार तवा होतो," बाबूजी खुशीत म्हणाले, "जवा तुम्ही लाली पाहून राह्यले होते."

ती बाटली त्यांनी फेकली नाही. धुऊन, वाळवून तिच्यात पेरायचे धने भरले आणि माझ्या दुकानाच्या फळीवर ठेवली, लेबल गिऱ्हाइकाकडे करून. मी कोणाला तब्येतीचा सल्ला द्यायला तोंड उघडलं की ते ती उचलून हलवतात. धने खुळखुळतात, आणि मी मुकाट्यानं साखर तोलायला लागतो.