दराविना गेलेला प्रस्ताव

केळी पिकवण्याच्या खोल्यांचं ते काम मी आमच्या इंजिनिअर बाईंच्या हाती सोपवलं, म्हणून लोक माझं कौतुक करतात. पंचाहत्तरीनंतर माणसाला कसलंही कौतुक गोड लागतं. पण हे खोटं आहे.

वारज्यातल्या माझ्या छोट्या कंपनीत दर मी एकटा ठरवायचो आणि राज्याच्या गुपितासारखे जपायचो. मार्केट यार्डातल्या एका फळांच्या अडत्यासाठी बाईंनी प्रस्ताव लिहिला होता: आराखडा, यंत्रं, वेळापत्रक. शेवटी दराचा भाग मी जोडला. बाईंना एकदा तपासायला द्यायचं होतं, पण दर दिसायला नकोत, म्हणून तेवढा भाग गाळून वेगळी पीडीएफ केली. अडत्यांना मी चुकून तीच पाठवून दिली.

त्यांचा फोन आला. "अहो साहेब, वाचला प्रस्ताव. खोल्या छान, गारवा छान. फुकट बांधून देताय का?"

मी दिलगिरीचं पत्र लिहायला बसलो. 'आमच्या इंजिनिअरच्या अनवधानाने दराचा भाग राहून गेला.' इंजिनिअर एकच होत्या. पूर्ण प्रस्ताव जोडला आणि पत्र पाठवून दिलं. वर चहाही प्यायलो.

उत्तर आलं: दर मान्य, पण पानं विसरणारी व्यक्ती आमच्या कामावर नको.

ते बाईंचं स्वतंत्रपणे सांभाळायचं पहिलंच काम होतं. सवयीने मी दिलगिरीच्या पत्राची प्रत त्यांनाही पाठवली होती, हे मला बाई दारात उभ्या राहिल्यावर कळलं.

"सर, जे दर मी कधी पाहिलेच नाहीत, ते मी विसरले कसे?"

"अहो, असं लिहायची पद्धत असते. ग्राहकापुढे कंपनीची अब्रू..."

"कंपनीची राहिली. माझी गेली. दुसरं पत्र लिहा, नाहीतर राजीनामा मी लिहिते. त्यात सगळी पानं असतील."

मी लिहिलं. पहिल्या मसुद्यात वय, चष्मा आणि संगणक आले. बाईंनी तिन्ही खोडले. उरलं ते एवढंच: दराविना प्रस्ताव मी पाठवला. आधीच्या पत्रात मी सहकाऱ्यावर घातलेला दोष खोटा होता. त्याबद्दल आपली आणि त्यांची क्षमा मागतो. दरात बदल नाही. खाली माझी सही.

संध्याकाळी अडत्यांचा फोन आला. मी स्पीकर लावला. बाई समोरच होत्या, काही लपवायला जागा नव्हती.

"काम तुम्हालाच. पण आमची अट तीच आहे, साहेब. पानं विसरणारा माणूस कामावर नको. बाईंना पाठवा."

"आणि मी?"

"तुम्ही केळी न्यायला या की. रोख देऊन."

बाई हसल्या नाहीत. वही उघडून त्यांनी फोनवरच अडत्यांना विचारलं, "खोल्यांची मापं घ्यायला उद्या सकाळी येऊ का?"