पट्टीखालचे सहा सेकंद

लॅबमध्ये रक्त काढणाऱ्या बाईंना अख्खी गल्ली आत्या म्हणायची. पन्नाशीला टेकलेल्या या बाईचा हात इतका हलका, की भित्रीतली भित्री माणसंसुद्धा "झालं एवढ्यात?" म्हणून उठायची. तोच हात जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर बंदूक चालवतो, हे मात्र मोजक्यांनाच ठाऊक होतं. त्यातला एक म्हणजे खालच्या मजल्यावरचा औषधांचा दुकानदार. तो तिच्याच टीममध्ये खेळायचा, आणि बहुतेक वेळा तिच्या आधी मरायचा.

चांगला डाव झाला की आत्या स्क्रीन रेकॉर्डिंगचं पुढचं-मागचं कापायची, नेम धरल्याचा क्षण स्लो करायची, वर ठसठशीत अक्षरांत ओळ लिहायची आणि व्हिडिओ टाकून द्यायची. तिचा क्रम ठरलेला होता: आधी स्लो, मग ओळ. कारण तिच्या ॲपमध्ये खालचं चित्र ताणलं तरी वरची ओळ ताणली जात नसे.

त्या दिवशी खेळायला बसताना मेसेज बंद करायचं राहिलं. नेमकं नेम धरताना वर एक मेसेज उतरला. खेळाच्या नादात तिने तो वाचलाही नाही. क्लिप कापताना मात्र ती पांढरी पट्टी डोळ्यांत खुपली, म्हणून काय लिहिलंय ते न वाचताच, स्लो करायच्या आधीच तिने काळ्या पट्टीवर "श्वास रोखा" लिहून ती झाकून टाकली. मग नेम धरल्याचे ते दोन सेकंद ताणून आठ केले. तेवढ्यात बाहेर पेशंट आले. शेवटपर्यंत न बघताच तिने व्हिडिओ टाकला.

चार वाजता डॉक्टरांनी विचारलं, लॅबच्या ग्रुपवरचा मेसेज पाहिलात ना, उद्या त्या पेशंटला बोलवायचंय. आत्याने ग्रुप उघडला. मेसेज दुपारचा होता, अगदी खेळाच्या वेळेचा. तिला ती पांढरी पट्टी आठवली.

तिने आपलाच व्हिडिओ लावला. दोन सेकंद काळी पट्टी, आणि मग पट्टी गेली. गोळी सावकाश निघाली होती, आणि वर पुढचे सहा सेकंद कुणालाही वाचता यावं असं लिहिलेलं होतं: "मेडिकलवाल्याच्या बहिणीची गाठ कॅन्सरची निघाली. उद्या बोलवा."

हात हलका असलेल्या बाईला व्हिडिओ डिलीट करायला तीनदा बोट दाबावं लागलं. नोकरी जाईल, ही भीती होतीच. पण त्याहून मोठी भीती त्या मुलीसाठी होती. गाठीची तपासणी झाली त्या दिवशी ती आत्याचा हात धरून म्हणाली होती, की काही निघालंच तर दादाला मीच सांगेन. आई याच दुखण्याने गेली, तेव्हा दादा वर्षभर कुणाशी धड बोलला नव्हता. आत्याने तिला शब्द दिला होता. आणि हा दादा आत्याची प्रत्येक क्लिप उतरवून घेऊन स्टेटसला लावायचा.

ती जिना उतरून दुकानाकडे निघाली. त्याने पाहिलं नसेल, असं ती स्वतःला बजावत होती, आणि तिचा स्वतःवर काडीचा विश्वास बसत नव्हता. दुकानात गिऱ्हाईक नव्हतं. तो गोळ्यांची पाकिटं लावत होता. शक्य तितक्या साध्या आवाजात तिने सांगितलं, की आजची क्लिप बिघडली आहे, स्टेटसवरून काढून टाक.

"बिघडलेली नाही, आत्या. बघा की," म्हणत त्याने मोबाइल तिच्यासमोर धरला.

तिला नजर हटवता येईना. खेळात तो नेहमीसारखा पळत आला, मेला. तिने नेम धरला. काळी पट्टी आली, श्वास रोखा. आत्याचा खरोखरच रोखला गेला. पट्टी आता जाणार, असं वाटलं त्याच क्षणी क्लिप संपली. गोळी सुटलीच नाही.

तिने पुन्हा लावायला सांगितलं. पुन्हा तिथेच संपली.

सगळ्या व्हिडिओत पाहण्यासारखी होती ती तेवढी गोळीच. आणि ती त्याने कापली होती, पट्टी जाते बरोबर तिथून. आत्या काउंटरला टेकली.

"ती रोज माझं स्टेटस बघते," तो हळूच म्हणाला. "आज नसतं लावलं तर विचारलं असतं, का नाही लावलं म्हणून. तुमचा व्हिडिओ उडवलात ना?"

तिने मान हलवली.

पाकिटं सरळ लावून झाली होती, तरी तो ती पुन्हा लावायला लागला.

"मला कळलंय, हे तिला सांगू नका, आत्या," तो म्हणाला. "तिला वाटू दे, की दादाला अजून काही माहीत नाही."

बहिणीलाही दादाला स्वतःच सांगायचं होतं. आत्याने त्यालाही शब्द दिला. मग ती वर गेली, उद्याच्या पहिल्या वेळेसमोर त्या मुलीचं नाव लिहिलं, आणि तिला फोन करायला मोबाइल उचलला.