तारीख सरकवायचा अर्ज

माझा स्वभाव असा आहे की आधी तोंड उघडतं आणि मग डोकं जागं होतं. आमच्या कॉलनीच्या सोसायटीची सचिव झाले तीही अशीच. सभेत सगळे खाली माना घालून बसले होते, मला ती शांतता सहन झाली नाही आणि मी म्हणाले, "मी होते." दोन महिन्यांत स्नेहसंमेलन ठरवलं, जेवण ठरवलं आणि बायकांचं नाटकसुद्धा ठरवलं. चिखलीत, आमच्या कॉलनीत, बायकांचं नाटक! नुसतं मनात आलं तरी मला घरात बसवेना.

खामगाव रोडला एक नवा हॉल झाला होता. जेवणही त्यांच्याच स्वयंपाकघरातलं, म्हणजे आचारी वेगळा शोधायला नको. जानेवारीत मी आणि सोसायटीचे अध्यक्ष जाऊन मे महिन्यातला एक रविवार पक्का करून आलो. अध्यक्ष म्हणजे निवृत्त गणिताचे शिक्षक, सगळी कॉलनी त्यांना सर म्हणते. सरांनी ॲडव्हान्स भरला, मी पावती पर्समध्ये टाकली. कॅलेंडरवर रविवार लाल दिसला, एवढंच मी पाहिलं. कॅलेंडर उलटं करून मागच्या पानावरच्या लग्नतिथी पाहायचं मला सुचलं नाही आणि सरांना तर पंचांगाचा रागच.

नाटक आम्हीच लिहिलं होतं. गावात दारूचं दुकान येतं आणि बाई सरपंच ते येऊ देत नाही, अशी सरळ गोष्ट. सरपंच झाली होती माझ्या शेजारची, एसटीत कंडक्टर असलेली. चिखली-मलकापूर गाडीवर तिची ड्युटी. पहिल्याच तालमीत तिने "बसा खाली!" म्हटलं आणि आम्ही पाचसहा जणी खरंच बसलो. भरलेल्या गाडीत शेवटच्या सीटपर्यंत पोचणारा आवाज तो, त्याला माइक कशाला हवा! शाळेत असताना तिला नाटकात घेतलं होतं, पण ऐन दिवशी घरी पाहुणे आले म्हणून आईने जाऊ दिलं नाही, असं तिने मला पाणी भरता भरता एकदा सांगितलं होतं. तालमीला ती कधी कधी खाकी कपड्यांवरच यायची आणि आल्या आल्या डबा बाजूला ठेवून उभी राहायची. सहा आठवडे आम्ही असे काढले. मला तर स्वप्नातही संवाद ऐकू यायचे.

कार्यक्रमाला पंधरा दिवस राहिले असताना ती संध्याकाळी माझ्या दारात आली.

"वहिनी, माही रजा रद्द झाली."

"काऊन?"

"त्या दिवशी दाट तिथी हाये. पुढं धोंड्याचा महिना लागून राह्यला, मग महिनाभर लग्न नाई. म्हणून सगळ्याईनं त्याच दिवशी लग्न धरले. लग्नाच्या गाड्या वेगळ्या, जादा गाड्या वेगळ्या. डेपोत कोणालेच सुट्टी नाई. त्याईचं बी बरोबर हाये." मग ती चप्पल घालत म्हणाली, "माह्या जागी दुसरी कोणी पाहा. मी शिकवतो तिले."

ती गेल्यावर मी कॅलेंडर उलटं केलं. आमच्या रविवारापुढे लग्नतिथीची खूण ठसठशीत होती. मला स्वतःचाच इतका राग आला की मी कॅलेंडर खिळ्यावरून काढून पलंगावर फेकलं.

दुसऱ्या दिवशी कमिटी बसली. तेव्हा कळलं की निम्म्या घरांत त्याच दिवशीच्या लग्नपत्रिका येऊन पडल्यात आणि सचिवबाई ओरडेल म्हणून कोणी बोलत नव्हतं! तारीख बदलायला सगळे तयार झाले. पण सरांनी पावती उलटी करून वाचली : ॲडव्हान्स परत मिळणार नाही, दुसऱ्या तारखेस वर्ग होणार नाही. "ॲडव्हान्स बुडणार असेल तर तारीख बदलायची नाही," सर म्हणाले. "सभासदांचा पैसा आहे. मग आहे त्याच दिवशी कार्यक्रम करू आणि सरपंच दुसरी कोणी होईल."

म्हणजे सगळं हॉलवाल्याच्या एका होकारावर आलं. मी ताबडतोब म्हणाले, "उद्या सकाळी जाऊ."

नवी तारीख मी रात्रीतच शेजारणीला विचारून ठेवली. धोंड्यातला दुसरा रविवार. त्या महिन्यात गर्दी कमी, रजा मिळू शकेल, पण अर्ज नव्याने करावा लागेल आणि मिळेलच असं काही नाही, असं ती म्हणाली. तिने फार आशा दाखवली नाही. मी मात्र हवेतच होते.

हॉलच्या ऑफिसात मालक एकटेच बसले होते. पन्नाशीचे, बोलायला गोड, पण तारखांच्या डायरीवर पंजा ठेवून बसलेले. मी मूळ पावती टेबलावर ठेवली आणि एका दमात सांगितलं : हा रविवार आम्ही सोडतो, धोंड्यातला दुसरा रविवार द्या, पैसे परत नकोत, फक्त तिकडे वळते करा.

"ताई, पावतीवर लिहेल हाये ना," ते म्हणाले. "रद्द केलं की ॲडव्हान्स गेला. फक्त सुतक पडलं तर आम्ही तारीख सरकवतो. कोणी वारलं काय तुमच्यात?"

सर खाली पाहून विचार करू लागले. मला खात्री आहे, ते कॉलनीतली म्हातारी माणसं मनात मोजत होते.

"नाही," मी म्हणाले. "सगळे ठणठणीत आहेत."

"मग कसं करता? आमचा हॉल त्या दिवशी रिकामा पडल ना."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. त्यांना फोन स्पीकरवर टाकूनच बोलायची सवय. पलीकडून मोठ्या आवाजात माणूस म्हणाला, "भाऊ, उंद्रीवरून बोलून राह्यलो. त्या रविवारचं काही जमलं काय? पोरीचं लग्न हाये, चार हॉल पाहून झाले. ते सोसायटीवाले सरकत असतील तर पाहा ना!"

मालकांनी झडप घालून स्पीकर बंद केला. "घंट्याभरात सांगतो," म्हणून फोन ठेवला आणि माझ्याकडे पाहिलंच नाही.

मला इतका आनंद झाला की मी खुर्चीतून उठलेच. "भाऊ, हॉल रिकामा पडणार होता ना?"

"ताई, धंदा हाये," ते कान खाजवत म्हणाले. "नवा नवा हॉल होता, जानेवारीत आली ती बुकिंग घेतली. तेव्हापासून तिघाईले नाही म्हटलं मी."

"मग असं करू. आम्ही काही रद्द करत नाही. त्या रविवारी हॉल आमचाच. आम्ही सहा जणी येऊ, मधोमध सतरंजी टाकू आणि तालीम करू."

सरांनी माझी ओढणी ओढली. मालक आधी गंभीर झाले, मग पोट धरून हसले. त्यांनी डायरी उघडून धोंड्यातला दुसरा रविवार दाखवला. पान कोरं होतं. त्या महिन्याची सगळीच पानं कोरी होती.

मग कामाचं बोलणं झालं आणि तिथे मात्र सरांचं डोकं चाललं. तोंडी काही नको, म्हणाले. जुन्या पावतीवर "रद्द" लिहा, त्याच रकमेची नव्या तारखेची पावती द्या, ताटाचा भाव जानेवारीतलाच राहील हे तिच्यावर लिहा, ताटांचा आकडा आम्ही आठ दिवस आधी कळवू. मालकांनी सगळं मान्य केलं. वर म्हणाले, "धोंड्यात येऊन राह्यले तर गोडात पुरणाचे धोंडे ठेवू. जावई नसले तरी चालते." त्यांना फक्त सोसायटीच्या लेटरहेडवर अर्ज हवा होता, अध्यक्ष आणि सचिवांच्या सहीचा. तो हाती आल्याशिवाय उंद्रीला होकार देता येत नव्हता, त्यामुळे पेनसुद्धा त्यांनीच पुढे केलं.

सरांनी पिशवीतून लेटरहेड काढून लिहायला घेतलं. "अपरिहार्य कारणास्तव..."

"तसं नको सर," मालक म्हणाले. "हॉलमधी माह्या भावाची भागीदारी हाये. तो कारण विचारते. सुतक टाकून द्या, विषय संपला."

"कोणाले मारू मी?" मी ओरडलेच. माझ्याही तोंडून आपली बोली निघाली. "नाटक कराले माणूस मारू?" सरांच्या हातातून मी कागद ओढून घेतला, नवा घेतला आणि जे होतं ते लिहिलं : आमच्या नाटकातली मुख्य नटी एसटीत वाहक आहे. त्या दिवशी लग्नसराईमुळे तिला ड्युटी आहे. तिच्याशिवाय नाटक होऊ शकत नाही, म्हणून सोसायटी आपल्या कार्यक्रमाची तारीख बदलत आहे.

सर दोनदा वाचून म्हणाले, "व्याकरण बरोबर आहे," आणि सही केली. मालकांनी वाचलं, मान हलवली आणि खाली "तारीख बदल मंजूर" लिहून शिक्का मारला. तशीच शिक्क्याची एक प्रत मी आमच्यासाठीही करून घेतली. आम्ही दारातून बाहेर पडेपर्यंत त्यांनी उंद्रीला फोन लावला होता, पुन्हा स्पीकरवरच. पलीकडे त्या माणसाने घरात ओरडून सांगितलेलं आम्हाला पायरीवर ऐकू आलं.

घरी जायला मला धीर नव्हता. सरांना म्हटलं, तुम्ही रिक्षाने जा, मी बसस्टँडवर जाते. तिची मलकापूरची गाडी लागायची वेळ झाली होती. गाडी आली, माणसं उतरली, ती मागून हिशेबाची पेटी घेऊन उतरली आणि मला पाहून घाबरलीच. "काय झालं वहिनी?"

मी शिक्क्याचा कागद तिच्या हातात दिला. फलाटावर उभ्या उभ्या ती वाचू लागली. तिला वाचायला इतका वेळ लागायचं कारण नव्हतं. गर्दी तिला धक्के देत होती आणि ती हलत नव्हती.

"याच्या दोन झेरॉक्स पाह्यजे मले," शेवटी ती म्हणाली.

समोरच्या दुकानातून काढून दिल्या. एक तिने नव्या रजेच्या अर्जाला टाचली. तीन दिवसांनी रजा मंजूर झाली. साहेबांनी तो कागद वाचला, हसले आणि म्हणाले म्हणे, "लोकाईनं तुमच्यासाठी हॉल सरकवला, आता आम्ही कसं नाई म्हणाव?" ती हे सांगायला धावत जिना चढून आली होती, आम्ही दोघी पॅसेजमध्ये नाचलो, खालच्या मजल्यावरून कोणीतरी काय चाललंय म्हणून विचारलंसुद्धा.

मग मला आठवलं. "अन् दुसरी झेरॉक्स कायले घेतली?"

"घरी ठेवली, लग्नाच्या अल्बममधी," ती म्हणाली. "भावाच्या लग्नाले मी हळद लागल्यावर गेलो, पोराचे वाढदिवस तर रजेच्या दिवशी करतो. आजपावतो सगळ्या तारखा म्याच सरकवल्या, वहिनी. माह्यासाठी कोणी पह्यल्यांदा सरकवली."